‘नमस्कार, तुमची मदत फुकट आहे का पैसे लागतात?’ – नव्या विधी स्वयंसेवकाने पहिले उत्तर कसे लिहावे

तालुका विधी सेवा समितीत किंवा जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात विधी स्वयंसेवक म्हणून काम सुरू केले की पहिल्या आठवड्यातच हा मेसेज येतो. कधी नुसते ‘नमस्कार ताई’ आणि त्याखाली एक ओळ, कधी ‘हॅलो सर फ्री आहे का’, कधी फोनवर दबक्या आवाजात ‘किती घेता तुम्ही?’ काय झाले आहे, कुठली केस आहे, नाव काय, गाव कुठले, यातले काहीच त्यात नसते. आधी पैशांचे विचारून घेतलेले असते.

याचे कारण समजून घ्या, म्हणजे उत्तराचा सूर आपोआप बरोबर लागेल. ‘शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये’ ही म्हण घराघरांत ऐकून मोठी झालेली ही माणसे आहेत. कोर्ट म्हणजे खर्चाचा खड्डा, हे त्यांना आधीच पक्के ठाऊक असते. आपली गोष्ट सांगितली आणि मग आकडा ऐकून मागे फिरावे लागले, तर इज्जतही जाते आणि गोष्टही बाहेर पडते. म्हणून ती आधी दाराबाहेरूनच विचारतात. त्या एका ओळीत दोन भीती असतात. एक, पैसे लागतील. दुसरी, पैसे लागले नाहीत तर त्यात काहीतरी गोम असेल. तुमच्या उत्तराने या दोन्ही भीती कमी झाल्या पाहिजेत, आणि त्यात खोटा असा एकही शब्द असता कामा नये.

आधी स्वतःला नीट माहीत हवे

उत्तर मनापासून द्यायचे असेल तर ‘मोफत’ म्हणजे नेमके काय, हे तोंडपाठ हवे. विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ चा आहे आणि तो ९ नोव्हेंबर १९९५ पासून लागू झाला. त्याच्या कलम १२ मध्ये मोफत वकील कोणाला मिळतो याची यादी आहे. तिचे दोन भाग मनात वेगळे ठेवा, कारण सगळा घोळ इथेच होतो.

पहिल्या भागातल्या लोकांचे उत्पन्न बघायचेच नसते. महिला, अठरा वर्षांखालची मुले, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती, दिव्यांग व्यक्ती, कारखान्यातले कामगार, मानवी तस्करीला किंवा वेठबिगारीला बळी पडलेले लोक, पूर, दुष्काळ, भूकंप, जातीय अत्याचार अशा आपत्तीत सापडलेले लोक आणि कोठडीत असलेली कोणतीही व्यक्ती. शिक्षिका असलेली, पगार घेणारी बाईसुद्धा यात येते. ‘तुमचे उत्पन्न किती?’ असे एखाद्या ताईंना विचारणे हे म्हणूनच नुसते अनावश्यक नाही, चुकीचे आहे. त्यांना वाटते, नवऱ्याचा पगार जास्त आहे म्हणून आपल्याला नाही म्हणतील, आणि त्या गप्प होतात.

दुसऱ्या भागात उरलेले सगळे येतात आणि त्यांच्यासाठी उत्पन्नाची मर्यादा आहे. महाराष्ट्रात ती वर्षाला तीन लाख रुपये आहे. सुप्रीम कोर्टातल्या प्रकरणांसाठी ती पाच लाख आहे. या मर्यादेसाठी उत्पन्नाचा दाखला नसला म्हणून अर्ज परत पाठवायचा नसतो. कलम १३ प्रमाणे अर्जदाराने उत्पन्नाबद्दल केलेले शपथपत्र पुरेसे मानता येते, त्यावर अविश्वास ठेवायला कारण असेल तरच पुढची चौकशी. तरीही नवे स्वयंसेवक ‘तहसीलदारांचा दाखला आणा, मग बोलू’ असे लिहून मोकळे होतात. त्या माणसाच्या दृष्टीने याचा अर्थ सरळ असतो: तलाठ्याकडे एक हेलपाटा, सेतू केंद्रात दुसरा, दोन दिवसांची मजुरी गेली आणि शुल्क भरले. म्हणजे पैसे लागलेच की.

आता मोफत काय काय असते? वकिलांची फी, कोर्ट फी, नोटीस बजावण्याचा खर्च, कागदपत्रे तयार करणे, निकालाची सहीशिक्क्याची प्रत, भाषांतर. हा खर्च प्राधिकरण करते आणि वकिलांचे मानधनही तेच देते. फौजदारी खटल्यातल्या आरोपींसाठी बऱ्याच जिल्ह्यांत लोक अभिरक्षक कार्यालय आहे, तिथले वकील याच कामासाठी नेमलेले असतात. आणि काय मोफत नसते? कोर्टात यायचे एसटीचे भाडे, तारखेला बुडालेली मजुरी, आधी खासगी वकिलांना दिलेली रक्कम. या तीन गोष्टी कोणीही भरून देत नाही. उत्तरात त्या झाकून ठेवू नका.

पहिले उत्तर: चार ओळी, याच क्रमाने

पहिल्या उत्तराची लांबी मोबाइलच्या पडद्यावर न सरकवता मावेल इतकीच हवी. क्रम असा ठेवा: आधी नमस्काराला नमस्कार, लगेच पैशांचे उत्तर, मग अट, मग पुढचे एक सोपे पाऊल.

पैशांचे उत्तर दुसऱ्याच ओळीत आले पाहिजे. ‘आपल्या समस्येचे स्वरूप कळवा, मग सांगतो’ असे लिहिले की समोरचा समजतो, रक्कम मोठी आहे म्हणून टाळतायत. दुकानात भाव विचारल्यावर ‘आत या, बसा, बघा तर’ म्हणणाऱ्यासारखे ते वाटते.

शब्दही जपून निवडा. लोक ‘फुकट’ म्हणतात, त्यांना म्हणू द्या, दुरुस्त करू नका. पण तुम्ही तो परत वापरू नका, कारण ‘फुकट’ला मराठीत हलकेपणाचा वास आहे. ‘फुकटचा वकील’ म्हटले की काम न करणारा वकील डोळ्यांसमोर येतो. ‘विनामूल्य’ हा फलकावरचा शब्द आहे, माणसाशी बोलताना तो परका वाटतो. ‘पैसे लागत नाहीत’ हे साधे वाक्य सगळ्यांत चांगले. त्यात मोठेपणाही नाही आणि उपकारही नाही. ‘आम्ही गरिबांना मोफत मदत करतो’ हे तर कधीच लिहू नका. समोरच्याने स्वतःला गरीब म्हटलेले नाही, आणि तुम्ही मदत ‘करत’ नाही, कायद्याने दिलेला हक्क त्यांच्यापर्यंत पोचवता आहात.

महिलेकडून मेसेज आला आहे हे नावावरून किंवा बोलण्यावरून स्पष्ट असेल, तर उत्तर असे:

‘नमस्कार ताई. नाही, पैसे लागत नाहीत. महिलांना कोर्टाच्या कामासाठी वकील सरकारकडून मिळतो, उत्पन्न कितीही असलं तरी. वकिलांची फी, कोर्ट फी तुम्हाला भरावी लागत नाही, येण्याजाण्याचा खर्च मात्र आपला असतो. तुम्हाला सोयीचं असेल तेव्हा मी फोन करू का? कधी करू ते सांगा. नाहीतर कोर्टाच्या इमारतीत आमचं ऑफिस आहे, तिथे या.’

कोण आहे ते कळत नसेल तर पहिली ओळ तीच ठेवा आणि अट अशी मांडा की समोरच्याने स्वतःच स्वतःला त्यात शोधावे:

‘नमस्कार. आमच्याकडे सल्ल्याचे पैसे लागत नाहीत, कोणालाच नाही. कोर्टात केससाठी मोफत वकील मात्र कायद्यात सांगितलेल्या लोकांना मिळतो: महिला, मुलं, अनुसूचित जाती-जमाती, दिव्यांग, कामगार, कोठडीत असलेली व्यक्ती, आणि बाकी कोणाचंही वर्षाचं उत्पन्न तीन लाखांच्या आत असेल तर. तुम्ही यात बसता असं वाटतं का? नसलात तरी सांगा, दुसरा मार्ग असतो.’

या मेसेजमध्ये जात विचारलेली नाही, उत्पन्नही विचारलेले नाही. यादी पुढे ठेवली आहे. एखाद्या अनोळखी माणसाने पहिल्याच वाक्यात ‘तुमची जात कोणती?’ असे विचारले तर कोणाचाही हात आखडतो, भले हेतू चांगला असो. जातीचा दाखला अर्जाच्या वेळी लागेल तेव्हा मागता येतो.

शेवटचे ‘नसलात तरी सांगा’ हे शब्द काढू नका. यादी वाचून ‘मी नाही बसत’ असे ठरवून निघून जाणाऱ्यांत पुष्कळ जण प्रत्यक्षात बसत असतात. अर्धांगवायू झालेल्या गृहस्थांना आपण ‘दिव्यांग’ या शब्दात येऊ शकतो हे सुचत नाही, गिरणीत काम करणाऱ्याला ‘कामगार’ म्हणजे आपणच हे वाटत नाही.

दोन गोष्टी पहिल्या उत्तरात कधी घालू नका. एक म्हणजे प्रकरणाचा उल्लेख. ‘नवऱ्याविरुद्ध केस करायची आहे का?’ असा मेसेज त्या नवऱ्यानेच वाचला तर काय होईल याचा विचार करा. खेड्यात आणि चाळीतही एक मोबाइल घरभर फिरतो. म्हणूनच वेळ विचारूनच फोन करायचा, आणि फोन उचलल्यावर आवाज कोणाचा आहे ते ऐकेपर्यंत स्वतःची ओळख सांगायची नाही. दुसरी गोष्ट म्हणजे वचन. ‘तुम्हाला वकील नक्की मिळेल’ हे तुमच्या हातात नाही. अर्जावर प्राधिकरणाचे सचिव किंवा समितीचे अध्यक्ष निर्णय घेतात, आणि प्रकरणात प्रथमदर्शनी तथ्य आहे की नाही हेही बघितले जाते. ‘पैसे लागत नाहीत’ हे खात्रीने लिहा. ‘मिळेलच’ हे लिहू नका.

एका प्रसंगात मात्र हा सगळा क्रम बाजूला ठेवायचा. मेसेजमध्ये ‘पोलिसांनी उचललं’, ‘आत्ता मारतोय’, ‘घराबाहेर काढलं’ असे काही असेल तर पैशांचे उत्तर एका शब्दात, ‘नाही लागत’, आणि लगेच ११२ किंवा महिलांसाठी १८१ वर फोन करायला सांगा. कोठडीतल्या माणसाला दंडाधिकाऱ्यांसमोर उभे करतात तेव्हाही वकील मिळतो, म्हणून कोणत्या पोलीस ठाण्यात आहे एवढेच विचारा आणि कार्यालयाला त्याच क्षणी कळवा.

‘पण मग खरंच काहीच नाही?’

दुसरा मेसेज बहुतेक वेळा हाच असतो. इथे नवीन माणसाला वाटते, आपल्यावर विश्वास नाही, आणि उत्तरात थोडा राग उतरतो: ‘एकदा सांगितलं ना, सरकारी आहे.’ असे करू नका. विश्वास नसणे योग्यच आहे. कोर्टाच्या आवारात ‘काम करून देतो’ म्हणणारे एजंट असतात, आणि सरकारी योजनेच्या नावाखाली क्यूआर कोड पाठवणारेही असतात. तुमच्या नंबरवर विश्वास ठेवायला त्यांच्याकडे अजून कारण नाही. ते कारण त्यांना द्या:

‘बरं केलंत विचारलंत. माझ्या शब्दावर जाऊ नका, १५१०० या नंबरवर फोन करून खात्री करा, तो मोफत आहे. किंवा थेट कोर्टात आमच्या ऑफिसला या, मी ओळखपत्र दाखवीन. आमच्यातला कोणीही तुमच्याकडे पैसे मागणार नाही. कोणी मागितले, अगदी टायपिंगचे शंभर रुपये असले तरी, देऊ नका आणि मला सांगा.’

शेवटचे वाक्य नवे स्वयंसेवक सोडून देतात, कारण आपल्याच लोकांबद्दल शंका घेतल्यासारखे वाटते. पण ते लिहिले नाही तर काय घडते बघा. महिनाभराने एखाद्या पॅनेल वकिलांचा कारकून ‘चहापाण्याचे’ किंवा ‘झेरॉक्सचे’ पाचशे मागतो. ताईंना वाटते, अशीच पद्धत असेल. त्या देतात, कोणाला सांगत नाहीत, आणि पुढच्या वेळी ओळखीच्या बाईला सांगतात, ‘म्हणतात मोफत, पण पैसे लागतातच.’ तुमचे पहिले उत्तर खोटे ठरले, आणि ते तुम्हाला कळलेही नाही. पॅनेलवरच्या वकिलांनी अशा पक्षकाराकडून कोणत्याही नावाने पैसे घ्यायला नियमाने बंदी आहे. ते घेतले तर त्यांच्यावर कारवाई होऊ शकते आणि पॅनेलवरून नावही जाऊ शकते. हे वाक्य पहिल्या दिवशी सांगितलेले असले की ताईंना नाही म्हणायला आधार मिळतो.

‘तुमचं काय मग, तुम्हाला काय मिळतं?’ असेही विचारतील. लाजू नका: ‘मला प्राधिकरणाकडून कामाच्या दिवसाचं मानधन मिळतं, तुमच्याकडून नाही.’ हे खरे आहे, आणि ते ऐकल्यावर ‘हा माणूस कशासाठी धडपडतोय?’ या प्रश्नाची गाठ सुटते. ‘समाजसेवा म्हणून’ हे उत्तर शंका वाढवते.

एक प्रकरण, पहिल्या ओळीपासून अर्जापर्यंत

समजा, रात्री पावणेदहाला मेसेज आला: ‘नमस्कार सर मदत फुकट असते का’. नाव दिसत नाही, फोटोच्या जागी देवाचे चित्र. तुम्ही वर दिलेला सर्वांसाठीचा मेसेज पाठवला. पंधरा मिनिटांनी: ‘मी बाई आहे. उद्या दुपारी दोनला फोन करा तेव्हा घरी कोणी नसतं.’

फोन दोनलाच करा. दीडला नाही, अडीचला नाही. बोलताना कळते की नवऱ्याने सात महिने घरखर्च दिलेला नाही, दोन मुले आहेत, आणि गावातल्या ओळखीने एका वकिलांकडे सहा हजार रुपये भरले आहेत, अजून चार द्यायचे आहेत. अर्ज दाखल झाला आहे की नाही हे त्यांना माहीत नाही. आता त्यांचा खरा प्रश्न समोर येतो: ‘सरकारी वकील घेतला तर माझे सहा हजार परत मिळतील का? आणि बाकीचे चार द्यावे लागतील का?’

इथे ऊब आणि खरेपणा दोन्ही एकाच वाक्यात बसवावे लागतात. सहा हजार परत मिळतील असे सांगता येत नाही, आणि ‘ते गेले समजा’ असे तोडूनही टाकायचे नाही. असे म्हणा: ‘ताई, ते पैसे आमच्याकडून परत मिळत नाहीत, हे आधीच सांगते. पुढे मात्र वकिलांची फी, कोर्ट फी लागणार नाही. बाकीच्या चार हजारांचं, त्या वकिलांनी नेमकं काय काम केलंय ते बघू, मग बोलू.’ बाकी फीचा वाद हा त्यांचा आणि त्या वकिलांचा, त्यात ‘देऊ नका’ असा सल्ला द्यायचा अधिकार स्वयंसेवकाला नाही. पण एक गोष्ट ठामपणे सांगता येते. फी बाकी आहे म्हणून पक्षकाराचे कागद अडवून ठेवता येत नाहीत, हे सुप्रीम कोर्टाने २००० साली स्पष्ट केले आहे. ताईंना सगळ्यांत मोठी धास्ती याचीच असते, की लग्नाची पत्रिका, मुलांचे जन्मदाखले त्यांच्याकडे अडकले.

पुढचे काम क्रमाने. अर्ज दाखल झाला असेल तर जुन्या वकिलांची ना हरकत घेऊन नवे वकीलपत्र द्यावे लागते. नसेल दाखल झाला तर कोरी सुरुवात. पोटगीचा अर्ज आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ खाली होतो, १ जुलै २०२४ पूर्वी तो कलम १२५ म्हणून ओळखला जायचा. लोकांच्या तोंडी अजून ‘एकशेपंचवीसची केस’च आहे, त्यांना तसेच म्हणू द्या.

भेटीच्या दिवशी काय आणायचे, ते मेसेजने पाठवताना तीनच गोष्टी लिहा: आधार कार्ड, लग्न झाल्याचा कोणताही पुरावा, मुलांचे जन्मदाखले. ‘असतील तेवढे आणा, नसतील तर तसंच या’ हे जोडा. उत्पन्नाचा दाखला मागू नका, त्या महिला आहेत. स्टॅम्प पेपर विकत घेऊन यायला सांगू नका, काय लागते ते कार्यालयात बघता येते. अर्ज छापील असतो, तो तिथे मिळतो आणि त्याचेही पैसे नसतात. लिहिता येत नसेल तर तोंडी सांगितलेले तुम्ही लिहून घ्यायचे, वाचून दाखवायचे, आणि मगच सही किंवा अंगठा घ्यायचा.

अर्ज दिल्यावर आवक क्रमांक आणि तारीख त्यांच्या हातात लिहून द्या. नियमाप्रमाणे अर्जावर सात दिवसांच्या आत निर्णय व्हायला हवा. हे त्यांना सांगा, आणि तुमच्या डायरीत आठव्या दिवसावर त्यांचे नाव टाका. अर्ज नाकारला गेला तर अध्यक्षांकडे अपील करता येते, त्यालाही पैसे लागत नाहीत. पॅनेलवरचे एखादे वकील त्यांना विशेष हवे असतील, उदाहरणार्थ महिला वकील, तर तशी विनंती अर्जात लिहिता येते. ती मान्य होईलच असे नाही, पण लिहायला हरकत नाही.

या सगळ्यात दाखवून द्यायचा एक बारकावा आहे. अर्जात खोटी माहिती दिली, किंवा मदत चालू असताना दुसरे खासगी वकील परस्पर नेमले, तर मिळालेली मदत काढून घेता येते. हे धमकीच्या सुरात सांगू नका. ‘मध्येच दुसरे वकील करावेसे वाटले तर आधी मला सांगा, नाहीतर आपली मदत बंद होते’ इतके पुरे.

जेव्हा उत्तर ‘नाही’ असते

आता उलट बाजू. पन्नाशीतले एक काका विचारतात, भावाने बांध सरकवला आहे, वकील मोफत मिळेल का? बोलण्यात कळते की शेतीबरोबर त्यांचे दुकान आहे, वर्षाचे उत्पन्न साडेचार लाख, आणि यादीतल्या दुसऱ्या कोणत्याही भागात ते बसत नाहीत.

अशा वेळी नवखा माणूस दोन चुका करतो. एक तर अवघडून ‘बघतो, विचारून सांगतो’ म्हणतो आणि काका पंधरा दिवस वाट बघत बसतात. दुसरी चूक जास्त वाईट: ‘उत्पन्न तीन लाखांच्या आत दाखवा ना.’ ही सूचना म्हणजे खोटे शपथपत्र करायला लावणे आहे. ते पुढे काकांच्या अंगाशी येईल, आणि ज्याच्या हक्काचे आहे त्याचा वकील दुसऱ्याला जाईल.

नकार त्याच दिवशी आणि सरळ द्या, पण त्याच दमात जे मिळू शकते ते सांगा:

‘काका, तुमच्या उत्पन्नाला मोफत वकील बसत नाही, मर्यादा तीन लाखांची आहे. खोटी आशा लावत नाही. पण केस करण्याआधी लोकअदालतीत हा वाद मांडता येतो, त्याला फी नाही आणि उत्पन्नाची अटही नाही. आम्ही तुमच्या भावाला बोलावण्याची नोटीस पाठवू. ते आले आणि दोघांचं जमलं तर तिथेच लिखापढी होते. नाही जमलं तर कोर्टाचा मार्ग मोकळाच आहे.’

इथेही पूर्ण खरे सांगायचे. लोकअदालतीत तडजोड झाली की तो निवाडा कोर्टाच्या हुकुमासारखाच असतो आणि त्याविरुद्ध अपील नाही. म्हणून सही करण्याआधी समजून घ्या, हे काकांना सांगणे तुमचे काम आहे. कोर्टात आधीच चालू असलेली केस तिथे मिटली, तर भरलेली कोर्ट फी परत मिळते. पैशांचे विचारायला आलेल्या माणसाला ही गोष्ट नेमकी उपयोगाची असते, आणि ती त्याला क्वचितच कोणी सांगितलेली असते. समोरचा भाऊ आलाच नाही तर मात्र काहीच होणार नाही, तेही आधीच सांगा.

‘एखादा चांगला वकील सुचवा मग, पैसे देऊन’ असे काका म्हणतील. नाव देऊ नका. तुम्ही दिलेले नाव आणि तिथली फी यांची सांगड लोक लगेच घालतात, आणि ‘मोफत म्हणत म्हणत ओळखीच्या वकिलाकडे पाठवतात’ ही चर्चा पूर्ण तालुक्यात जाते. ‘ते आम्हाला सांगता येत नाही’ एवढेच म्हणा.

पैसे मागितल्याची तक्रार आली तर

कधीतरी फोन येईल: ‘वकिलांना थोडे दिले.’ किंवा ते सांगणारच नाहीत, फक्त तारीख विचारायचे बंद होईल, तुमचा फोन उचलायचे टाळतील. हे दुसरे लक्षण जास्त महत्त्वाचे आहे. पैसे देऊन बसलेल्या माणसाला तुमच्यासमोर यायला लाज वाटते, कारण तुम्ही बजावले होते.

‘सांगितलं होतं ना देऊ नका’ हे वाक्य गिळून टाका. विचारा: किती दिले, कधी, कोणाच्या हातात, कशाचे म्हणून मागितले. चारही गोष्टी त्यांच्याच शब्दांत लिहून घ्या. मोबाइलवरून पाठवले असतील तर त्या व्यवहाराचा फोटो जपून ठेवायला सांगा. मग लेखी अर्ज जिल्हा प्राधिकरणाच्या सचिवांकडे. ते स्वतः न्यायाधीश असतात, हे सांगितले की लोकांना धीर येतो. ‘तक्रार केली तर वकील माझी केस बिघडवतील’ ही भीती असतेच. त्यांना सांगा की वकील बदलून मागता येतो, आणि तसे त्याच अर्जात लिहा. तुम्ही स्वतः त्या वकिलांना फोन करून जाब विचारू नका. मध्यस्थी करायला गेलात की पैसे गुपचूप परत होतात, कागदावर काहीच येत नाही, आणि पुढच्या ताईंकडे पुन्हा मागितले जातात.

आणि ज्यांनी पहिल्या उत्तरानंतर काहीच लिहिले नाही, त्यांचे काय? तीन-चार दिवसांनी एकदाच, दिवसाच्या वेळी, प्रकरणाचा उल्लेख न करता: ‘नमस्कार, त्या दिवशी विचारलं होतंत ते उत्तर तेच आहे, पैसे लागत नाहीत. घाई नाही, कधीही लिहा.’ त्यापुढे पाठपुरावा करू नका. नंबर मात्र सेव्ह करून ठेवा, नावाच्या जागी फक्त तारीख घाला. दोन-तीन महिन्यांनी तोच नंबर पुन्हा वाजतो, आणि तेव्हा पहिला प्रश्न पैशांचा नसतो.